डोळ्यातला रक्तस्राव, अकरा आठवड्यांची वाट आणि व्हिट्रेक्टॉमी

9 जानेवारीला दुपारी साडेतीनच्या सुमारास मी कार्यालयात एका जुन्या नोंदवहीतील आकडे तपासत असताना उजव्या डोळ्यासमोर काळ्या धुराची एक बारीक रेघ खालून वर चढत गेली. उदबत्तीचा धूर जसा आधी सरळ जातो आणि मग विस्कटतो, तसाच तो प्रकार होता. चष्मा पुसला, डोळे धुतले, तरी काही मिनिटांत त्या रेघेची कोळिष्टके झाली आणि नजर जिकडे वळेल तिकडे ती मागोमाग हलू लागली. वेदना, लाली किंवा पाणी येणे यांपैकी काहीही नव्हते. माझे वय त्या वेळी 53 होते आणि टाइप 2 मधुमेह होऊन सतरा वर्षे झाली होती. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत 'दृष्टिपटलावर बदल दिसत आहेत, चार महिन्यांनी पुन्हा दाखवा' असे सांगितले होते आणि मी ते चार महिने दोन वर्षांपर्यंत लांबवले होते, हेही इथे लिहायला हवे.

त्या दिवशी माझी दुसरी चूक झाली. दुखत नाही म्हणजे घाईचे नाही, असे समजून मी रात्रभर थांबले. सकाळी उठले तेव्हा उजव्या डोळ्याला खिडकीचा उजेड तेवढा कळत होता आणि तोही तांबूस, मळकट. अचानक अशी कोळिष्टके दिसली तर त्याच दिवशी डोळे दाखवावेत, कारण दृष्टिपटलाला चीर पडली असली तरी सुरुवात हुबेहूब अशीच होते आणि चीर असेल तर उपचारासाठी आठवडे नव्हे, तास मोजावे लागतात. माझ्या बाबतीत चीर निघाली नाही, परंतु ते कळण्याआधीची एक रात्र मी उगाच वाया घालवली होती.

10 जानेवारीला दृष्टिपटलतज्ज्ञांकडे गेले. तक्त्यावरचे एकही अक्षर दिसले नाही, समोर धरलेली बोटेही मोजता आली नाहीत, केवळ हात हलतो आहे एवढे कळले, म्हणून कागदावर उजव्या डोळ्यापुढे 'हाताची हालचाल' अशी नोंद झाली. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्याआधी डॉक्टरांनी दोन गोष्टी मुद्दाम पाहिल्या. एक म्हणजे डोळ्याचा दाब आणि दुसरी म्हणजे बुबुळाच्या रंगीत पडद्यावर बारीक नव्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत का. बाहुली मोठी झाली की त्या वाहिन्या लपू शकतात, म्हणून हे आधी पाहतात. त्यानंतर आत पाहिले तर लालसर धुक्यापलीकडे काहीच दिसेना. मग मिटलेल्या पापणीवर थंड जेल लावून बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी केली. पडद्यावर काळ्या पोकळीत पांढरे ठिपके भुरभुरत होते, ते रक्त होते. त्यामागे एक अखंड वळणदार रेषा होती, ते दृष्टिपटल जागेवर होते.

कारण त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की दृष्टिपटलातील केशवाहिन्या बंद पडत जातात आणि उपाशी राहिलेला भाग नव्या वाहिन्या उगवण्याचा रासायनिक संदेश सोडू लागतो. त्या नव्या वाहिन्या ठिसूळ असतात आणि डोळ्यातील पारदर्शक जेलीला, म्हणजे व्हिट्रियसला चिकटून वाढतात. ही जेली वयानुसार आणि मधुमेहामुळे आक्रसते, वाहिन्यांना ओढते आणि एखादी फुटते. "मी काल जड फाइल उचलली होती, त्यामुळे झाले का?" असे मी विचारले. "तुम्ही झोपेत असतानाही हे झाले असते," असे ते म्हणाले आणि माझ्या मनावरचे थोडे ओझे उतरले. धूर वर का चढताना दिसला, हेही तेव्हाच कळले. रक्त खरे तर खाली ओघळत होते, परंतु दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे मला ते वर जाताना दिसले.

उपचार म्हणून मी लगेच शस्त्रक्रियेची अपेक्षा करत होते आणि मला मिळाले ते थांबणे. मात्र ते थांबणे म्हणजे घरी बसून राहणे नव्हते. रक्त स्वतःहून शोषले जाऊ शकते, पण जेलीत ते फार संथ गतीने विरते, म्हणून काही आठवडे द्यावे लागतात. या काळात मागचे दृष्टिपटल दिसत नसल्यामुळे ते सुटत तर नाही ना, हे बी-स्कॅनवरूनच कळते आणि म्हणून तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. 12 जानेवारीला डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन दिले. नव्या वाहिन्या उगवण्याचा तो संदेश हे औषध अडवते, साचलेले रक्त मात्र त्याने धुतले जात नाही. इंजेक्शन नावाला घाबरवते. बधिर करणाऱ्या थेंबांनंतर एक दाब जाणवतो आणि काम संपते.

घरी पाळायच्या गोष्टी थोड्याच होत्या. दोन-तीन उशा लावून डोके उंच ठेवून झोपायचे, म्हणजे रक्त खाली बसते आणि दृष्टीच्या मध्यभागावर पसरत नाही. काही काळ जड उचलायचे नाही, खाली वाकून काम करायचे नाही. हृदयासाठी मी घेत असलेली ॲस्पिरिनची गोळी मी घाबरून दोन दिवस बंद केली होती. ती माझ्या फिजिशियननी पुन्हा सुरू करायला लावली, कारण माझ्या बाबतीत ती बंद करण्याचा धोका चालू ठेवण्यापेक्षा मोठा होता. रक्त पातळ करणारे कोणतेही औषध आपल्या मनाने थांबवू नये, हे मी त्या दोन दिवसांतून शिकले. साखर एकदम झपाट्याने खाली आणण्याचा माझा बेतही त्यांनी रोखला. मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे HbA1c 9.4 होते. बराच काळ वाढलेली साखर फार वेगाने उतरवली तर दृष्टिपटलाचा आजार सुरुवातीला काही काळ बळावू शकतो, म्हणून ती काही महिन्यांत पायरीपायरीने आणायची ठरली.

या आठवड्यांत मला सर्वाधिक उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. रोज सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी सहा वाजता मी एकाच खुर्चीत बसून, डावा डोळा हाताने झाकून, समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत असे आणि काय दिसले ते लिहीत असे. पहिल्या दिवशी 'भिंत कळते, दिनदर्शिका नाही' अशी नोंद आहे. सातव्या दिवशी 'खालची कडा दिसते'. खालचा भाग आधी मोकळा का झाला, याचे कारण पुन्हा तेच उलटेपण होते. रक्त डोळ्याच्या तळाशी बसले की दृष्टीचा वरचा भाग झाकला जातो. वहीमुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की सकाळची नोंद संध्याकाळपेक्षा नेहमी वाईट असते. रात्री आडवे झाल्यावर बसलेले रक्त पुन्हा ढवळले जाते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक सकाळी मला नवा रक्तस्राव झाल्यासारखे वाटून रडू येई. मग मी नियमच केला की उठल्यावर दोन तास ताठ बसल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढायचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर ज्यांसाठी थांबायचेच नाही अशा गोष्टी लिहिल्या होत्या: विजेसारखे चमकारे, एका बाजूने सरकत येणारा पडदा, आणि डोळा दुखून मळमळ होणे. पहिल्या दोन गोष्टी दृष्टिपटल फाटल्याच्या किंवा सुटल्याच्या खुणा असू शकतात आणि तिसरी दाब वाढल्याची.

डाव्या डोळ्याविषयी मी स्वतः काही विचारले नव्हते, कारण त्याने स्वच्छ दिसत होते. तपासणीत मात्र त्यातही नव्या वाहिन्या निघाल्या. 17 आणि 24 जानेवारीला त्या डोळ्याला लेझर केले. या लेझरमध्ये दृष्टिपटलाच्या कडेच्या भागात शेकडो बारीक डाग देऊन तो उपाशी भाग निकामी करतात, म्हणजे नव्या वाहिन्यांची मागणी कमी होते आणि मध्यभागाची दृष्टी सांभाळली जाते. त्याची किंमत म्हणून अंधारात दिसणे थोडे कमी झाले आणि ते मला आजही जिन्यात जाणवते. तरीही या सगळ्या काळातील सर्वांत महत्त्वाचा उपचार माझ्या मते उजव्या डोळ्यावर नव्हे, तर या चांगल्या डोळ्यावर झाला.

31 जानेवारीला उजव्या डोळ्याने वरची मोठी अक्षरे दिसू लागली, नोंद 6/60 झाली. वरचे दृष्टिपटल डॉक्टरांना दिसू लागले होते, म्हणून तेवढ्या भागावर लेझर केले. रक्तातून लेझर आरपार जात नाही, कारण रक्तच ते शोषून घेते, त्यामुळे जेवढी खिडकी उघडेल तेवढेच काम करता येते. 14 फेब्रुवारीला आणखी थोडे करू, असे ठरले आणि तसे झालेही. मला वाटू लागले की आता सुटले.

20 फेब्रुवारीला पहाटे पाणी प्यायला उठले आणि दिव्याभोवती पुन्हा तो धूर चढताना दिसला. दोन तास ताठ बसले. तो ओसरला नाही, उलट दाट झाला, आणि वहीत 'भिंत कळते' हीच पहिल्या दिवसाची नोंद पुन्हा लिहावी लागली. माझ्या पतींनी काही न बोलता रिक्षा बोलावली. त्या सकाळच्या बी-स्कॅनमध्ये एक नवी गोष्ट होती. दृष्टिपटलापासून थोडी सुटलेली एक पातळ रेषा डोळ्याच्या नसेपाशी घट्ट चिकटून होती आणि तिथे ताण पडत होता. दृष्टीचा मध्यबिंदू, म्हणजे मॅक्युला, अजून सपाट होता. ओढ मॅक्युलापर्यंत पोहोचली किंवा तिथले दृष्टिपटल उचलले जाऊ लागले, तर मग वाट पाहायची नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आणि तपासणी दर दहा दिवसांवर आणली.

शस्त्रक्रिया कधी करायची, याला एकच तारीख नसते हे मला या काळात उमगले. रक्त एक ते तीन महिन्यांत विरत नसेल, पुन्हा पुन्हा होत असेल, दृष्टिपटल ओढले जाऊन मॅक्युला धोक्यात येत असेल, बुबुळावर नव्या वाहिन्या आल्या असतील किंवा रक्तामुळे दाब वाढला असेल, तर व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे रक्तासह ती जेली काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करतात. टाइप 1 मधुमेह असेल, दुसऱ्या डोळ्याने दिसत नसेल किंवा आधी लेझर झालेलेच नसेल, तर अनेकदा लवकर करतात. मी इंजेक्शनांवरच निभावेल का, असे विचारले. डॉक्टरांनी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 205 डोळ्यांवरील एका अभ्यासाचा दाखला दिला. त्यात सहा महिन्यांच्या सरासरी दृष्टीत इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया या दोन गटांत ठळक फरक नव्हता, पण शस्त्रक्रियेनंतर नजर लवकर मोकळी झाली आणि इंजेक्शन गटातील सुमारे एक तृतीयांश डोळ्यांना दोन वर्षांत शेवटी शस्त्रक्रिया लागलीच. म्हणजे दोन्ही वाटा खऱ्या होत्या आणि निवड डोळ्याच्या अवस्थेवर होती.

माझ्या बाबतीत निवड 13 मार्चला झाली. पहिल्या रक्तस्रावाला नऊ आठवडे झाले होते, दुसऱ्याला तीन, आणि डोळ्याचा दाब वाढून 27 भरला. जुन्या रक्तातील पेशी कालांतराने रंग गमावून ताठर होतात आणि डोळ्यातील पाणी जिथून निचरते ती जाळी तुंबवतात, असे कारण त्यांनी सांगितले. दाबाचे थेंब सुरू झाले आणि 28 मार्च ही तारीख ठरली.

त्यानंतरचे दोन आठवडे कागदांचे होते. फिजिशियनचे फिटनेस प्रमाणपत्र, ईसीजी, क्रिएटिनिन, रक्तदाबाची नोंद आणि नवे HbA1c, जे आता 8.3 वर आले होते, असे सगळे लागले. विम्याच्या पूर्वमंजुरीचा अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण त्यात 'रुग्ण चोवीस तास दाखल राहणार नाही' असे होते आणि शस्त्रक्रिया डे-केअर प्रकारात मोडते हे कोणी लिहिलेच नव्हते. रुग्णालयाच्या विमा कक्षाने ते एका ओळीत दुरुस्त केले, पण त्यात चार दिवस गेले. सगळ्या बी-स्कॅनच्या प्रती आणि प्रत्येक भेटीतील दृष्टीची नोंद मी एका फाइलमध्ये लावून ठेवली होती, तिचा इथे उपयोग झाला. खर्चाचे अंदाजपत्रक मागताना दोन आकडे मागावेत, एक साध्या शस्त्रक्रियेचा आणि एक दृष्टिपटल जागेवर धरून ठेवण्यासाठी डोळ्यात सिलिकॉन तेल भरावे लागले तर त्याचा, कारण तेल पुढे काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया लागते आणि तेल लागेल की नाही हे डोळा उघडल्यावरच ठरते. इंजेक्शनचे बिल विम्यात धरले जाते का, हेही वेगळे विचारून घ्यावे. माझे धरले गेले नाही.

एक बारकावा मला कोणी आधी सांगितला नव्हता. शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी पुन्हा एक अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन देतात, म्हणजे आत काम करताना रक्त कमी येते. परंतु त्या औषधाने वाहिन्या सुकताना त्यांच्यासोबतचा चिवट पापुद्रा आक्रसतो आणि दृष्टिपटलाची ओढ वाढू शकते. म्हणून इंजेक्शन दिल्यावर शस्त्रक्रिया लांबणे चांगले नसते. माझी मंजुरी 24 मार्चला आली आणि त्यानंतरच, 25 तारखेला, ते इंजेक्शन दिले. मंजुरी आणि फिटनेस हातात नसताना ते घेण्याची वेळ आली, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

28 मार्चला सकाळी इन्सुलिन किती घ्यायचे आणि न्याहारी कितपत करायची, हे आदल्या दिवशी लिहून घेतले होते. डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन डोळा बधिर केला, मी जागी होते. पांढऱ्या भागात, बुबुळाच्या कडेपासून सुमारे साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, तीन सूक्ष्म छिद्रे केली जातात. एकातून पाणी आत येते, दुसऱ्यातून दिवा आणि तिसऱ्यातून जेली कापून शोषणारे कटर जाते. छिद्रे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची असल्याने टाके लागले नाहीत. पहिली काही मिनिटे तांबूस अंधार होता, मग जणू गढूळ पाण्यात कोणी स्वच्छ पाणी सोडावे तसे मध्ये उजळत गेले आणि एक काळी काडी हलताना दिसली. तेच कटर होते. नसेपाशी चिकटलेला पापुद्रा सोडवायला वेळ लागला, नंतर उरलेले लेझर आतूनच केले. तेवढ्या वेळात डोळ्यात मागे एक-दोन कळा आल्या. एकूण सव्वा तास. तेल लागले नाही, शेवटी हवा भरली आणि संध्याकाळी घरी सोडले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर सगळे हलत्या पाण्यातून पाहिल्यासारखे होते. हवेच्या बुडबुड्याची कड समोर रेषेसारखी डुलत होती. बुडबुडा डोळ्यात वर असतो, पण उलटेपणामुळे मला खाली दिसे, आणि रोज ती रेषा थोडी खाली उतरत सातव्या दिवशी तळाशी एक वाटोळा थेंब उरला. आत हवा किंवा वायू असेपर्यंत विमानप्रवास करायचा नाही, कारण उंचीवर बुडबुडा फुगतो आणि दाब धोकादायक वाढतो. वायू भरला असेल तर हा काळ काही आठवडे असतो, म्हणून काय भरले आहे ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे.

2 एप्रिलला पुन्हा तांबूस धुके आले. मी हादरले, पण सोडवलेल्या जागेतून सुरुवातीच्या दिवसांत थोडे रक्त येणे नवल नसते आणि जेली काढलेली असल्याने ते लवकर निघून जाते, असे तपासून सांगितले. तीन आठवड्यांत ते निवळले. अँटिबायोटिकचे थेंब एक आठवडा आणि स्टिरॉइडचे कमी करत सहा आठवडे होते. स्टिरॉइडने दाब वाढू शकतो, म्हणून त्या तपासण्या चुकवल्या नाहीत.

17 मेला नव्या चष्म्याने उजव्या डोळ्याची नोंद 6/12 झाली. बारीक अक्षरांत मधे मधे एखादे अक्षर गळते, कारण मॅक्युलाच्या कडेच्या काही केशवाहिन्या कायमच्या बंद आहेत आणि रक्त काढल्याने त्या उघडत नाहीत. या शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू लवकर वाढतो. माझा वाढू लागला आहे आणि त्याची पुढील तपासणी 20 ऑगस्टला आहे. त्याच दिवशी डाव्या डोळ्याचीही आहे. वही अजून चालू ठेवली आहे, आता डावा डोळा झाकून एकदा आणि उजवा झाकून एकदा, अशा दोन नोंदी करते.